हजर नसलेल्याची सही

समजा, मे महिन्याची 22 तारीख आहे. पुण्यातल्या एका ऑडिट फर्मच्या कार्यालयात रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि अजून कोणी घरी गेलेलं नाही. क्लायंट कंपनी वाहनांचे सुटे भाग बनवते. तिचे शेअर बाजारात नोंदलेले आहेत, आणि अशा कंपन्यांना वर्ष संपल्यापासून 60 दिवसांत ऑडिट झालेले निकाल जाहीर करावे लागतात. म्हणजे 30 मेपर्यंत. आर्टिकलशिपचं दुसरं वर्ष चालू असलेल्या एका मुलीच्या टेबलापाशी सिनियर येतो आणि सांगतो, "नागपूरच्या गोदामाची काउंट शीट क्लायंटनं मेल केलीये. तिच्यावर टिका मार आणि वर्किंग पेपरवर तुझं नाव घाल. तारीख 31 मार्च टाक. मागच्या वर्षीही असंच केलं होतं."

31 मार्चला ती मुलगी चाकणच्या गोदामात माल मोजत होती. नागपूरला फर्ममधलं कोणीच गेलं नव्हतं.

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण ज्यानं एखादा ऑडिट सीझन काढला आहे त्याला तो ओळखीचा वाटेल. काम न करता केल्याची खूण करण्याला इंग्रजीत 'घोस्ट टिकिंग' म्हणतात. अशा खुणेमागे कोणी माणूस उभा नसतो. 1970च्या दशकापासून अमेरिकेत याबद्दल सर्वेक्षणं होत आली आहेत, आणि नाव गुप्त राहणार असेल तर हे कबूल करणारे ऑडिटर दर वेळी सापडले आहेत. त्यातले बहुतेक कोणाला फसवायला निघालेले नसतात. त्यांच्याकडे तास कमी असतात, यादी लांब असते, आणि ऑडिटच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी पायरी रिकामी राहिली की फाइल पुढे सरकत नाही.

मुलीच्या मनात या क्षणी जो प्रश्न येतो, तो बहुधा असा असतो : नागपूरचा माल खरंच तेवढा असेल तर माझ्या सहीनं कोणाचं काय बिघडतं? हा प्रश्न प्रामाणिक आहे. नुसतं 'खोटं बोलू नये' एवढ्यानं त्याचं उत्तर होत नाही. ती सही नेमकं काय सांगते, हे आधी पाहायला हवं.

वर्किंग पेपरवरची सही मालाबद्दल काही सांगतच नाही. भारतात ऑडिटच्या कागदपत्रांसाठी जे मानक आहे, एसए 230, त्यात तीन गोष्टी नोंदवायला सांगितल्या आहेत : काम कोणी केलं, कधी पूर्ण झालं, आणि ते कोणी, कधी व कितपत तपासलं. म्हणजे सही करणारी सांगते, 'मी तिथे होते, मी हे पाहिलं, या दिवशी पाहिलं.' माल बरोबर असला तरी हे विधान खोटंच राहतं. त्याचा परिणाम वरच्या माणसांवर होतो. मॅनेजर आर्टिकलची टिक पाहून पुढचा विचार करतो. पार्टनर मॅनेजरची नोंद पाहून ठरवतो की साठ्याच्या बाबतीत पुरावा पुरेसा आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या ऑडिटमध्ये आणखी एक स्वतंत्र पार्टनर फाइलमधल्या महत्त्वाच्या कागदांवर नजर टाकतो. यांच्यापैकी कोणीही नागपूरला जाणार नसतं. त्या गोदामाबद्दल त्यांच्याजवळ असतो तो फक्त या मुलीचा शब्द.

मोजणीला हजर राहण्याचा हा नियम आला कुठून, ती गोष्ट इथे सांगायलाच हवी.

1938 साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचा घोटाळा उघडकीस आला. कंपनीचा प्रमुख एफ. डोनाल्ड कॉस्टर या नावानं वावरत होता. त्याचं खरं नाव फिलिप म्युसिका होतं आणि त्याला पूर्वी फसवणुकीबद्दल शिक्षा झालेली होती. कंपनीच्या ताळेबंदात सुमारे 8 कोटी 70 लाख डॉलरची मालमत्ता दिसत होती. त्यातले जवळपास 1 कोटी 90 लाख डॉलर अस्तित्वातच नव्हते. त्यात साधारण निम्मा हिस्सा मालाचा होता. कॅनडातल्या गोदामांत ठेवल्याचं दाखवलेली कच्ची औषधं तिथे कधी नव्हतीच. ऑडिटर प्राइस वॉटरहाउस होते. त्यांनी कागद तपासले होते आणि कागद एकमेकांशी जुळत होते, कारण ते सगळे एकाच घरात तयार झालेले होते. गोदामात जाऊन माल पाहणं तेव्हा बंधनकारक नव्हतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या लेखापालांच्या संस्थेनं मालाच्या मोजणीला हजर राहणं आणि ऋणकोंकडून थेट खातरजमा करून घेणं या दोन गोष्टी नेहमीच्या कामाचा भाग केल्या. भारतातलं एसए 501 हे मानक आज तेच सांगतं : साठ्याची रक्कम महत्त्वाची असेल, तर शक्य तोवर प्रत्यक्ष मोजणीला हजर राहा.

'महत्त्वाची' म्हणजे किती? कल्पनेतल्या आपल्या कंपनीचा एकूण साठा 42 कोटी रुपयांचा धरू : चाकणला 26 कोटी, भोसरीला साडेदहा आणि नागपूरला साडेपाच. करपूर्व नफा 18 कोटी आहे. नफ्याच्या 5 टक्क्यांच्या आसपासची चूक वाचकाचा निर्णय बदलू शकते, असा एक रूढ आडाखा ऑडिटर वापरतात. तो इथे 90 लाखांवर येतो. नागपूरचा साठा त्याच्या सहापट आहे. मुख्य गोदाम पाहिलं, तेवढं पुरे, असं इथे म्हणता येत नाही.

आणि हजर राहणं म्हणजे नुसतं जाऊन उभं राहणं नव्हे. चाकणला त्या मुलीनं जे केलं होतं ते आठवून पाहिलं तर मेलनं आलेल्या शीटमध्ये काय नसतं ते कळतं. तिनं शीटवरचे काही आयटम निवडून ते रॅकवर शोधले होते, म्हणजे लिहिलेला माल आहे की नाही ते समजतं. मग उलट्या दिशेनं, रॅकवरचे काही आयटम निवडून ते शीटवर शोधले होते, म्हणजे असलेला माल लिहायचा राहिला आहे का ते समजतं. दोनतीन खोकी उघडायला लावली होती. गंज चढलेला, वर्षभर न हललेला माल बाजूला काढला होता. मोजणी चालू असताना गेटमधून गाड्या जात-येत नाहीत ना, हे पाहिलं होतं, आणि शेवटच्या आवक-जावक चलनांचे नंबर उतरवून घेतले होते. मेलवर आलेल्या शीटवर या सगळ्याच्या जागी आहेत ते फक्त आकडे, आणि ते आकडे ज्याचे हिशेब तपासायचे त्यानंच लिहिलेले आहेत.

हाच धागा सत्यम प्रकरणात दिसतो, फक्त मालाच्या जागी तिथे बँकेतली शिल्लक होती. 7 जानेवारी 2009 रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबुलीचं पत्र दिलं. ताळेबंदात दाखवलेल्या 5,361 कोटी रुपयांच्या रोख व बँक शिल्लकीपैकी 5,040 कोटी रुपये नव्हतेच. बँकेतली शिल्लक तपासण्याची पायरी सगळ्या ऑडिटरांना पाठ असते : ऑडिटरनं स्वतः बँकेला पत्र धाडायचं आणि उत्तर थेट स्वतःकडे मागवायचं. अमेरिकी शेअर बाजार नियामकानं एप्रिल 2011 मध्ये प्राइस वॉटरहाउसच्या भारतातल्या फर्मांविरुद्ध आदेश काढला. त्यात म्हटलं होतं की या फर्मांचे कर्मचारी अशी पत्रं पाठवण्याचं आणि उत्तरं गोळा करण्याचं काम सर्रास क्लायंटच्याच हाती सोपवत होते, आणि आलेली उत्तरं खरी आहेत का हे बँकेला क्वचितच विचारत होते. फर्मांना 60 लाख डॉलरचा दंड झाला. ऑडिटवर देखरेख करणाऱ्या तिथल्या मंडळानं आणखी 15 लाख डॉलर आकारले.

यात एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फाइलमध्ये बँकांची पत्रं होती. पायरी पूर्ण झाल्यासारखी दिसत होती. पत्र बँकेकडून थेट आलं की क्लायंटच्या हातून, हे कागदाकडे बघून सांगता येत नाही. ते फक्त काम करणाऱ्यालाच माहीत असतं. ज्या सर्वांत कनिष्ठ माणसाला 'तू नुसती सही कर' असं सांगितलं जातं, नेमकी त्याच्याजवळच ती एक माहिती असते.

आता कार्यालयात परत येऊ. ती मुलगी काय करू शकते?

पहिली गोष्ट म्हणजे विचारणं. सिनियरच्या बोलण्याचा लगेच वाईट अर्थ घेण्याची गरज नाही. कदाचित फर्मच्या नागपूरच्या ओळखीच्या दुसऱ्या फर्ममधून कोणी हजर राहिलं असेल आणि त्यांची शीट यायची असेल. तसं असेल तर त्यांची नोंद त्यांच्या नावानं फाइलमध्ये यायला हवी, आणि प्रश्न मिटला. तेव्हा तिनं सरळ विचारावं, "सर, नागपूरला आपल्याकडून कोण गेलं होतं?" उत्तर 'कोणी नाही' असं आलं तर मग पुढचं वाक्य शांतपणे म्हणता येतं : "मग मी हजर होते असं लिहिता येणार नाही. शीट क्लायंटकडून 22 मे रोजी मेलवर आली, एवढं मी लिहिते. मोजणीचं काय करायचं, ते आपण ठरवू."

या उत्तरात ती काम टाळत नाही. खोटा शब्द लिहायला तेवढा नकार देते आणि खरा शब्द तिथल्या तिथे देते. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर सिनियरही थोडा थबकतो, कारण त्यालाही दुसरा मार्ग दिसत नव्हता. दुसरा मार्ग मात्र आहे, आणि तो मानकातच लिहिलेला आहे. आर्टिकलशिपमध्ये ही बाजू फार कमी मुलांना शिकवली जाते. जिथे काम झालं नाही तिथे काय करायचं, याची तरतूद मानकांनी आधीच करून ठेवली आहे.

एसए 501 सांगतं की ठरलेल्या दिवशी अनपेक्षित कारणानं हजर राहता आलं नाही, तर दुसऱ्या एखाद्या तारखेला मोजणी करावी किंवा पाहावी आणि मधल्या काळातल्या आवक-जावकीची तपासणी करावी. नागपूरला कोणी गेलं नाही ते अनपेक्षित कारणानं की नियोजनात राहून गेलं म्हणून, हेही फाइलमध्ये खरं तेच लिहावं लागतं. पण पुढचं काम दोन्ही बाबतीत तेच आहे. 24 मेला नागपूरला जाऊन माल मोजायचा आणि तिथून उलटं चालत 31 मार्चला पोहोचायचं.

हे उलटं चालणं एका आयटमवर करून पाहू. एका प्रकारचे बेअरिंग, प्रत्येकी 850 रुपये. 24 मेला मोजले तेव्हा 3,140 नग भरले. 1 एप्रिल ते 24 मे या काळात 1,860 नग आत आले. कंपनीच्या साठा वहीप्रमाणे याच काळात 2,290 नग बाहेर गेले. आज असलेल्यांत बाहेर गेलेले मिळवायचे आणि आत आलेले वजा करायचे. 3,140 अधिक 2,290 वजा 1,860, म्हणजे 3,570. कंपनीच्या 31 मार्चच्या शीटवरही 3,570च आहेत. जुळलं.

इथे थांबलं तर मात्र फसगत होते. बाहेर गेलेल्या मालाचा आकडा कंपनीच्याच वहीतून घेतला होता, आणि त्याच वहीवरून शीट बनली होती. तेव्हा दोन्ही जुळणारच होते. म्हणून पुढची पायरी म्हणजे गेटवरची वही. ती सुरक्षारक्षक लिहितो. तिच्यात गाडीचा नंबर, मालाची संख्या आणि वेळ असते, आणि हिशेब विभागाचा तिच्याशी संबंध नसतो. गेटच्या वहीप्रमाणे 1 एप्रिलपासून फक्त 1,960 नग बाहेर गेले होते. मग 31 मार्चला 3,240 नग असायला हवेत, शीटपेक्षा 330 कमी. वहीची आधीची पानं चाळल्यावर सापडलं की 330 नगांची एक गाडी 30 मार्चला संध्याकाळी गेली होती, तिचं बिल मात्र 2 एप्रिलचं होतं. म्हणजे 31 मार्चच्या साठ्यात 2,80,500 रुपयांचा माल जास्त धरला गेला आणि तेवढ्या नगांची विक्री पुढच्या वर्षात ढकलली गेली.

एवढ्यानं काही कंपनी बुडत नाही. रक्कम 90 लाखांच्या मर्यादेपुढे लहान आहे. पण आता ऑडिटरला एक प्रश्न हाताशी आला : वर्षअखेरीच्या आठवड्यात गेटमधून गेलेल्या इतर गाड्यांची बिलं कोणत्या तारखेची आहेत? चाकणलाही असंच आहे का? 31 मार्चची खोटी टिक मारली असती तर हा प्रश्न कोणाला पडलाच नसता.

या कामाची नोंद कशी करायची? वर्किंग पेपरवर तारीख 24 मे, नाव तिचं. 31 मार्चला हजर का राहता आलं नाही याचं खरं कारण. त्याऐवजी काय केलं, किती आयटम निवडले, गेटची वही कोणत्या पानापर्यंत पाहिली, काय फरक सापडला. मानकातली गरज सोडून दुसरा मार्ग घेतला, तर त्या मार्गानं उद्देश कसा साधला ते लिहावं, असं एसए 230मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. उशिरा केलेलं काम खऱ्या तारखेनं लिहिलं तर तो दोष ठरत नाही. खोटी तारीख घातली की झालेल्या कामावरचाही विश्वास उडतो.

कॅनडात नेमकं हेच झालं. तिथल्या डिलॉइटच्या काही कर्मचाऱ्यांनी आपल्या संगणकाचं घड्याळ मागे फिरवून वर्किंग पेपरवर जुन्या तारखेच्या सह्या उमटवल्या होत्या. कारण सॉफ्टवेअर सहीची तारीख आपोआप टाकत होतं. 2021 मध्ये ऑडिटवर देखरेख करणाऱ्या त्याच अमेरिकी मंडळानं त्या फर्मला साडेतीन लाख डॉलर दंड केला. तिथे शिक्षा झाली ती फाइलमधल्या तारखांवर विसंबता येईना म्हणून.

नागपूरची ती खोटी सही पकडली गेली असती का? गेली असती, आणि फारशी शोधाशोधही करावी लागली नसती. 31 मार्चला ती चाकणला असल्याची नोंद तिच्याच टाइमशीटमध्ये आहे. नागपूरच्या प्रवासाचं बिल नाही. शीट क्लायंटकडून 22 मेला आल्याचा मेल आहे. फाइल तपासणारा माणूस आधी याच गोष्टी पाहतो. शिवाय प्रत्यक्ष मोजणीत काही ना काही फरक निघतोच, एखादं खोकं कमी भरतं, एखादा आयटम चुकीच्या रॅकवर असतो. एकही फरक नसलेली, सगळीकडे सारखी टिक असलेली शीट तपासनिसाला लगेच खटकते.

आता अवघड भाग. सिनियर ऐकत नाही आणि म्हणतो, "तुला काय करायचंय? सही पार्टनरची असते, तुझी नाही." कायद्याच्या दृष्टीनं यात अर्धं तथ्य आहे. ऑडिट अहवालावर पार्टनर सही करतो आणि जबाबदारी त्याची असते. राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाला, म्हणजे एनएफआरएला, कंपनी कायद्याच्या कलम 132नं जे अधिकार दिले आहेत ते सनदी लेखापाल आणि त्यांच्या फर्म यांच्यापुरते आहेत : व्यक्तीला किमान एक लाख रुपये आणि फीच्या पाचपटीपर्यंत दंड, शिवाय सहा महिने ते दहा वर्षं काम करण्यास बंदी. आर्टिकल अजून सनदी लेखापाल झालेली नसते. पण परीक्षा पास होऊन नुकतीच नोकरीला लागलेली मुलं याच टेबलांवर बसतात, आणि त्यांना हे सगळं लागू होतं. आचारसंहितेत आणखी एक कलम आहे : खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती आहे हे ठाऊक असताना तिच्याशी आपलं नाव जोडू नये. त्यात हुद्द्याची अट नाही.

'मला वरून सांगितलं होतं' हा बचाव किती चालतो, याचं उत्तर ब्रिटनमधल्या एका प्रकरणात मिळतं. कॅरिलियन ही बांधकाम क्षेत्रातली मोठी कंपनी जानेवारी 2018 मध्ये कोसळली. तिचे ऑडिटर केपीएमजी होते. कंपनी कोसळण्याआधी नियामकाच्या निरीक्षकांनी तिच्या 2016च्या ऑडिटची फाइल तपासायला घेतली होती. निरीक्षक विचारतील त्या गोष्टी फाइलमध्ये नव्हत्या. तेव्हा ऑडिटच्या वेळी झालेल्या बैठकांची इतिवृत्तं तपासणी चालू असताना तयार केली गेली आणि ती जुनीच असल्यासारखी निरीक्षकांना दिली गेली. ही बाब पुढे फर्मनं स्वतःच नियामकाला कळवली. 2022 मध्ये लवादानं निकाल दिला. या प्रकरणात आणि दुसऱ्या एका कंपनीच्या ऑडिटमधल्या अशाच प्रकारात मिळून फर्मला 1 कोटी 44 लाख पौंड दंड झाला. मुख्य पार्टनरला अडीच लाख पौंड दंड आणि दहा वर्षांची व्यवसायबंदी. इतर वरिष्ठांनाही काही वर्षांची बंदी.

आणि त्या चमूतला सर्वांत कनिष्ठ माणूस? त्याला लवादानं दंड केला नाही, बंदीही घातली नाही. नियामकानं दोन्ही मागितलं होतं. पण तो निर्दोषही सुटला नाही. त्याला कडक शब्दांत समज मिळाली, आणि ती त्याच्या नावावर कायम आहे. त्याच्या वयाचा आणि हुद्द्याचा विचार करून शिक्षा कमी झाली, दोष मात्र त्याचा त्याच्यापाशी राहिला. त्याआधी चार वर्षं चौकशीच्या छायेत काढणं ही स्वतंत्र शिक्षा आहे, आणि ती कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते. नव्या मुलांना हे प्रकरण पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं.

म्हणून सिनियर ऐकत नसेल तर तोंडी वाद वाढवण्यापेक्षा लिहिणं बरं. त्याच रात्री एक छोटा मेल, सिनियरला आणि मॅनेजरला : "नागपूर गोदामाच्या 31 मार्चच्या मोजणीला आपल्यापैकी कोणी हजर नव्हतं. काउंट शीट क्लायंटकडून 22 मे रोजी आली. फाइलमध्ये मी तेवढंच नोंदवलं आहे. 24 तारखेला मी नागपूरला जाऊन मोजणी करू शकते. पुढचं कळवा." यात आरोप नाही, सल्ला नाही, कोणाच्या हेतूबद्दल शब्द नाही. फक्त घडलेलं आणि एक प्रस्ताव. असा मेल गेल्यावर मॅनेजरला 'मला माहीत नव्हतं' असं म्हणता येत नाही, आणि त्याला हातात एक तोडगाही मिळतो. मॅनेजरनं दुर्लक्ष केलं तर ऑडिटचा पार्टनर, त्याच्यानंतर फाइल पाहणारा तो दुसरा स्वतंत्र पार्टनर. मोठ्या फर्ममध्ये अशा तक्रारींसाठी वेगळी व्यवस्था असते. एक गोष्ट मात्र कटाक्षानं टाळायची : क्लायंटचे कागद पेनड्राइव्हवर घालून घरी नेणं. ते गोपनीयतेचं उल्लंघन ठरतं आणि खऱ्याची बाजू उलट लंगडी पडते. तारीखवार स्वतःच्या शब्दांतली टिपणं पुरेशी असतात.

छोट्या फर्ममध्ये हे सगळं अधिक कठीण असतं, हे मान्य करायला हवं. तिथे सिनियर, मॅनेजर आणि पार्टनर एकच असतो, आणि तोच आर्टिकलचा प्रिन्सिपलही असतो. प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा कागद त्याच्याच हातून मिळायचा असतो. मध्येच दुसरीकडे जायचं तर संस्थेचे नियम आणि त्याचीच संमती लागते. दोन वर्षांच्या आर्टिकलशिपमधलं वर्ष पणाला लावण्याची भीती खरी आहे, आणि वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला धैर्याचा उपदेश करून ती जात नाही. पण तिथेही एक जागा मोकळी राहते. ती स्वतःच्या नावानं खोटं लिहीत नाही. ज्याला ती नोंद हवी आहे, त्यानं ती स्वतःच्या नावानं करावी. अनेकदा तो करत नाही, कारण दुसऱ्याच्या सहीनं जे हलकं वाटत होतं ते स्वतःच्या सहीनं तसं वाटत नाही. प्रकार वर्षानुवर्षं चालू असेल तर सनदी लेखापाल संस्थेच्या शिस्तपालन विभागाकडे कोणालाही तक्रार करता येते, आणि शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा ठरावीक मोठ्या कंपनीचं ऑडिट असेल तर एनएफआरए आहे. ते पाऊल उचलण्याआधी प्रिन्सिपलशी नातं नसलेल्या एखाद्या जाणत्या सीएशी बोलून घेणं शहाणपणाचं.

आणि नागपूरला जाणं शक्यच झालं नाही, क्लायंटनं गोदाम उघडलंच नाही, तर? तरीही खोट्या टिकेची गरज नाही. पुरावा मिळाला नाही, हे अहवालात लिहिण्याची सोय आहे. साडेपाच कोटींच्या साठ्याची खातरजमा करता आली नाही, अशी मर्यादा नोंदवून पार्टनर सशर्त मत देऊ शकतो. क्लायंटला ते आवडणार नाही. म्हणूनच असं मत द्यावं लागेल हे कळलं की बंद गोदामाची किल्ली बऱ्याचदा दुपारपर्यंत सापडते.

आपल्या गोष्टीतल्या मुलीला मॅनेजरचं उत्तर सकाळी सात वाजता आलं : "23ला रात्रीच्या गाडीनं निघा. मीही येतो." 24 तारखेला दोघांनी नागपूरला मोजणी केली, 31 मार्चच्या शीटवर 330 बेअरिंग जास्त निघाली आणि 30 मार्चची ती गाडी सापडली. 28 तारखेला वर्षअखेरीच्या बिलांची तपासणी चाकण आणि भोसरीलाही वाढवली गेली. तिथे आणखी दोन गाड्यांची बिलं नंतरच्या तारखेची निघाली. कंपनीनं तिन्ही दुरुस्त केली आणि निकाल 30 मेला ठरल्याप्रमाणे जाहीर झाले. पुढच्या वर्षाच्या नियोजनाच्या कागदावर मॅनेजरनं एक ओळ वाढवली : नागपूर, 31 मार्च, दोन माणसं, तिकिटं फेब्रुवारीत काढणे.